किती उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्यात?

समजा, एका परीक्षेच्या १०,००० उत्तरपत्रिका तपासून झाल्या आहेत. काहींत गुणांची बेरीज चुकली असेल, काहींत एखादे उत्तर तपासायचेच राहिले असेल. अशा सदोष उत्तरपत्रिकांचे प्रमाण शितावरून भाताची परीक्षा करतात तसे काढायचे आहे. मग शिते किती घ्यावीत? शेकडा दहा, म्हणजे १,०००, असे तुम्ही चटकन म्हणाल. पण नमुन्याचा आकार असा ठरत नाही.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, दोषाचे प्रमाण साधारण किती असेल याचा अंदाज. याकरिता आधी ५० उत्तरपत्रिका तपासून पाहाव्यात. समजा, त्यांपैकी ५ सदोष निघाल्या, तर अंदाज ०.१ झाला. दुसरी गोष्ट, आपल्या उत्तरात किती फरक चालेल? समजा, शेकडा ३ इकडे किंवा तिकडे, म्हणजे ०.०३ चालेल. आता प्रमाणाला 'प', चालणाऱ्या फरकाला 'फ' आणि नमुन्यातील संख्येला 'न' म्हणू.

न = ४ × प × (१ − प) ÷ फ²
= ४ × ०.१ × ०.९ ÷ ०.०००९ = ४००

असे नमुने पुन्हा पुन्हा घेतले, तर शंभरांतून सुमारे ९५ वेळा उत्तर या मर्यादेत राहते.

सूत्रात १०,००० हा आकडा कोठेच नाही, हे तुमच्या लक्षात आले का? उत्तरपत्रिका एक लाख असत्या तरी ४०० च पुरल्या असत्या. पातेले मोठे म्हणून जास्त शिते चेपावी लागत नाहीत, तसेच हे. (एकूण संख्याच हजार-दोन हजार असेल, तर मात्र थोड्या कमी पुरतात.) उलट फरक निम्मा, म्हणजे ०.०१५ हवा असेल, तर चौपट, म्हणजे १,६०० तपासाव्या लागतील. कारण सूत्रात फरकाचा वर्ग आहे.

पण भात नीट ढवळलेला हवा! वरचाच गठ्ठा उचलला, तर कदाचित एकाच परीक्षकाचे काम हाती येईल. ज्यांनी फेरतपासणीचे अर्ज केले त्यांच्याच उत्तरपत्रिका घेतल्या, तर दोष वाजवीपेक्षा जास्त दिसेल. म्हणून सर्वांना क्रमांक द्यावेत. ० ते ९ अंकांच्या दहा चिठ्ठ्यांतून एक काढावी, अंक लिहून ती परत टाकावी. चार वेळा असे केले की एक क्रमांक मिळतो. ०००० म्हणजे १०,००० वा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सोडून द्यावा.

आता ४०० पैकी ३२ सदोष निघाल्या असे धरू. प्रमाण ०.०८ झाले. हे 'प' आणि न = ४०० सूत्रात घालून उलट गणित केले, की फरक सुमारे ०.०२७ येतो. म्हणजे एकूण सदोष उत्तरपत्रिका सुमारे ५३० ते १,०७० असाव्यात.

मात्र त्या कोणाच्या, हे नमुना सांगत नाही. ३२ जणांचे गुण दुरुस्त होतील. उरलेल्या पाचशे ते हजार जणांना न्याय द्यायचा, तर सर्वच उत्तरपत्रिका पुन्हा उघडाव्या लागतील.