तक्त्यातली मुंबई

चि. मैत्रेयी,


तुझी सराव-उत्तरपत्रिका मिळाली. प्लेगच्या तक्त्यावरच्या प्रश्नाला तू लिहिलंस, ‘प्लेगमुळे मुंबईत १९०१ पर्यंत सुमारे ४६ हजार माणसे मेली.’ वजाबाकी बरोबर आहे, पण तक्ता हे सांगत नाही. या एका वाक्याबद्दलच लिहितो.

आकडे पुन्हा समोर ठेव. मुंबई शहराची लोकसंख्या १८८१ मध्ये ७,७३,१९६, १८९१ मध्ये ८,२१,७६४ आणि १९०१ मध्ये ७,७६,००६ होती. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक ४५,७५८. पण आकडा वाचण्याआधी तक्त्याचं शीर्षक वाचायचं: मोजलंय काय, कुणी आणि कधी? इथे जनगणना मोजली आहे, मृत्यू नव्हेत. त्या काळी ठरलेल्या रात्री जो माणूस जिथे सापडेल तिथे त्याची नोंद होई. म्हणजे १९०१ चा आकडा त्या रात्री शहरात असलेल्यांचा आहे. कोकणातल्या घरी गेलेला गिरणी कामगार त्यात नाही, आणि तो मेलेलाही नाही.

आता तारीख बघ. ती जनगणना १ मार्च १९०१ ची. मुंबईत प्लेग दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस जोर धरी आणि लोक त्याच सुमारास शहर सोडत. मोजणी नेमकी त्या दिवसांत झाली. शिवाय तेव्हाच्या मुंबईकरांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक शहराबाहेर जन्मलेले होते, म्हणजे बहुतेकांना परत जायला गाव होतं. त्यामुळे या घटीत मृत्यूही आहेत आणि स्थलांतरही, आणि दोन्ही वेगळे करण्याची सोय या तक्त्यात नाही.

दुसरी अडचण उलट बाजूची आहे, आणि ती तुझ्या लक्षात आली नाही. ४५,७५८ हा आकडा मृत्यूंपेक्षा कमीही असू शकतो. मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. आकासिओ व्हिएगस यांना आढळला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. तक्त्यात १८९१ नंतर थेट १९०१ येतं. त्यातली पहिली साडेपाच वर्षं प्लेगाविना गेली, आणि आधीच्या दशकात शहर ४८ हजारांहून अधिकने वाढलं होतं हे तक्त्यातच आहे. तेव्हा प्लेगाच्या तोंडावर मुंबई ८,२१,७६४ वरच थांबली होती असं धरायला आधार नाही. त्यात जन्म होत राहिले आणि दुष्काळाच्या वर्षांत लोक पोटासाठी शहरात येतही होते. दोन जनगणनांतला फरक हा जन्म, मृत्यू, आलेले आणि गेलेले या चारही गोष्टींचा निव्वळ हिशोब असतो.

घटीत स्थलांतरही आहे ही शंका खरी आहे का हे पडताळायला त्याच शहराचा पुढचा आकडा शोधायचा. १९०६ मध्ये महापालिकेने स्वतंत्र मोजणी केली, ती आली ९,७७,८२२. पाच वर्षांत दोन लाखांची भर! नुसत्या जन्मांनी एवढं शहर वाढत नाही. प्लेग तेव्हाही संपला नव्हता. म्हणजे गेलेले बरेच जण परतले असणार, आणि कामाच्या ओढीने नवेही आले असणार. किती परतले आणि किती नवे, हे या आकड्यावरून सांगता येणार नाही, तेव्हा सांगू नकोस. १९११ चा आकडा ९,७९,४४५ आहे. दोन वेगळ्या यंत्रणांनी केलेल्या मोजण्या इतक्या जवळ येतात, तेव्हा १९०६ चा आकडा साधारण भरवशाचा ठरतो, आणि वेगळा पडतो तो १९०१ चाच.

मृत्यूंबद्दलच लिहायचं असेल तर महापालिकेच्या आरोग्य खात्याची मृत्युनोंद हवी. तीही जपून वापर. प्लेग झाला असं कळलं की घरझडती होई, रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेत. त्या भीतीने आजार लपवले जात आणि मृत्यूचं कारण ताप म्हणून लिहवलं जाई. जनगणनेचा आकडा आणि मृत्युनोंद दोन्ही अपुरी आहेत, पण त्यांच्या उणिवा वेगवेगळ्या आहेत, म्हणून त्या शेजारी ठेवल्या की उपयोगी पडतात.

उत्तरात मी हे असं मांडलं असतं: ‘१८९१ ते १९०१ या दशकात मुंबईची नोंदलेली लोकसंख्या ४५,७५८ ने, म्हणजे सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटली. आधीच्या दशकात ती सहा टक्क्यांहून अधिक वाढली होती, त्यामुळे १८९६ पासूनच्या प्लेगचा हा परिणाम मानता येतो. मात्र मोजणी प्लेगाच्या हंगामात झाल्याने या घटीत शहर सोडून गेलेलेही आहेत. १९०६ पर्यंत झालेली दोन लाखांची वाढ त्याला पुष्टी देते. म्हणून हा तक्ता प्लेगने शहर विस्कटल्याचा पुरावा आहे, मृतांच्या संख्येचा नव्हे.’

हा परिच्छेद पाठ करू नकोस. तक्ता झाकून १८९१ आणि १९०१ हे दोनच आकडे घे आणि स्वतःच्या शब्दांत लिहून रविवारपर्यंत पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा