डिलिव्हरीवाल्याचे छायाचित्र : स्कूटरवरून उतरण्याआधीचे दहा सेकंद

लग्नसराई संपली की आमच्यासारख्या लहान स्टुडिओवाल्यांचे हात रिकामे होतात. पासपोर्ट फोटोचे काम मोबाईलने केव्हाच निम्म्यावर आणले. अशा दिवसांत एक नवे गिऱ्हाईक दारात येऊ लागले आहे, ते म्हणजे माल घरपोच करणाऱ्या नव्या कंपन्या. त्यांना आपल्या डिलिव्हरीवाल्याचे चांगले छायाचित्र हवे असते. गणवेश बरोबर, हेल्मेट बरोबर, पाठीवर बॅग आणि माणूस खरोखर कामावर असल्यासारखा दिसावा, एवढीच मागणी असते. ऐकायला सोपे वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते आणि पहिल्याच कामात आमची एक दिवसाची मजुरी बुडाली. तो अनुभव व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे तपशिलाने सांगतो.

भिवंडीच्या गोदामपट्ट्यातील एका कंपनीचे ते काम होते. आम्ही तिच्या एका तरुण डिलिव्हरीवाल्याला स्टुडिओत बोलावले. नवा कोरा नारिंगी टी-शर्ट पाकिटातून काढून त्याला घालायला दिला, आमच्याकडचे हेल्मेट डोक्यावर ठेवले, रिकामी बॅग पाठीला लावली आणि हाताची घडी घालून हसायला सांगितले. छायाचित्र स्वच्छ आले. पण गोदामाच्या पर्यवेक्षकाने ते पाहताच बाजूला ठेवले. हनुवटीखालचा पट्टा उघडा होता. टी-शर्टवर घडीच्या चार सरळ रेषा दिसत होत्या. बॅग फुग्यासारखी पाठीवर तरंगत होती. मागे उभी असलेली मुले हसू लागली. त्यांतला एकजण म्हणाला, "चाचा, हेल्मेट घालून हाताची घडी कोण घालतो? आम्ही हेल्मेट घालतो तेव्हा हात ब्रेकवर असतो."

सगळा धडा त्या पोराच्या एका वाक्यात होता. हेल्मेट, बॅग आणि गणवेश या तीन गोष्टी अंगावर एकाच वेळी कधी असतात, हे आम्ही पाहिलेच नव्हते. गिऱ्हाइकाच्या दारात उभा असलेला डिलिव्हरीवाला बहुतेक वेळा हेल्मेट काढून कोपरात अडकवतो, कारण समोरच्याला त्याचा चेहरा दिसावा लागतो. चालत्या स्कूटरवर तिन्ही गोष्टी असतात, पण तेव्हा चेहरा धड दिसत नाही आणि नजर रस्त्यावर असते. मधे एकच क्षण असा येतो की तिन्ही गोष्टी जागेवर असतात आणि चेहराही मोकळा असतो. स्कूटर थांबली आहे, डावा पाय जमिनीवर टेकला आहे, हेल्मेटची काच वर केली आहे आणि माणूस मान उचलून इमारतीचा नंबर शोधतो आहे. हे जेमतेम दहा सेकंद चालते. आम्ही दुसऱ्या खेपेला फक्त या दहा सेकंदांचे चित्र घ्यायचे ठरवले.

त्यासाठी स्टुडिओ सोडून सकाळी आठ वाजता गोदामाच्या आवारातच गेलो. इमारतीच्या सावलीत, पण समोर मोकळे आकाश असेल अशी जागा निवडली आणि जमिनीवर खडूने खूण केली. समोरच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत एका कागदावर घराचा नंबर लिहून चिकटवला. त्या तरुणाला सांगितले, "बेटा, तीस फुटांवरून ये, खुणेवर थांब आणि वरचा नंबर वाचून मला मोठ्याने सांग." प्रत्येक फेरीला आम्ही कागद बदलत होतो, म्हणजे त्याला खरोखरच वाचावे लागे. पहिल्या दोन फेऱ्यांत तो कॅमेऱ्याकडे चोरून पाहत होता. तिसऱ्या फेरीपासून त्याचे अंग आपल्या सवयीवर गेले. उजवा हात ब्रेकवर राहिला, डावा हात काच वर करायला गेला, उजवा पाय पायफळीवरच राहिला, खांदे सैल पडले. असे बस, तसा हात ठेव, असे सांगून ही ठेवण येत नाही. स्कूटर मात्र त्याचीच हवी. उंच सीटवर बसवले तर तळवा पुरता टेकत नाही, टाच अधांतरी राहते आणि पाहणाऱ्याला लगेच खटकते. स्टँडवर उभ्या केलेल्या स्कूटरवर बसवण्याचा मोहही टाळावा. साइड स्टँडवर गाडी एका बाजूला कलते आणि माणूस तोल सावरायला दुसरीकडे झुकतो.

बॅगेत आम्ही सुमारे सहा किलोंची पार्सले भरली. कंपनीच्या लोकांनी वर्तमानपत्रे कोंबायची सूचना केली होती, पण कागदाने बॅगेला आकार येतो, वजन येत नाही. खरे वजन असले की बॅगेचा तळ मागच्या सीटवर बसतो, खांद्यावरचा पट्टा कापडात किंचित रुततो आणि पाठ थोडी पुढे येते. रिकामी बॅग वर चढते व तिची कड हेल्मेटच्या मागच्या भागाला लागते. मग माणसाला मान उचलताच येत नाही. बॅगेची वरची कड आणि हेल्मेट यांत चार बोटे मोकळी जागा दिसली की पट्टे बरोबर बांधले आहेत असे समजावे.

आता हेल्मेटकडे वळू. आमची सर्वांत जास्त वेळखाऊ अडचण तीच होती. आधी हेल्मेट त्याच्या मापाचे आहे का, हे पाहावे. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे असावी आणि पट्टा बंद असावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट नुसते डोक्यावर असून चालत नाही, ते पट्ट्याने बांधलेले असावे लागते. १ जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेली दुचाकीची हेल्मेटे बनवायला व विकायला मनाई आहे. तेव्हा दुकानाच्या किमतीची चिठ्ठी काढा, पण आयएसआयची खूण झाकू नका.

हेल्मेटची पुढे आलेली कड म्हणजे चेहऱ्यावरचे छप्परच. वरून येणारा उजेड ती अडवते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. उजेड कमी आहे असे समजून कॅमेरा उजळ केला तर टी-शर्ट फिका पडतो आणि खड्डे मात्र राहतातच. तेथे उजेड खालून न्यावा लागतो. आम्ही तीन फूट बाय दोन फुटांचा पांढरा थर्माकोल एका मुलाकडे दिला. चौकटीच्या बाहेर, स्कूटरच्या हँडलच्या उंचीवर त्याने तो तिरका धरला. आकाशाचा उजेड त्यावरून परतून कडेखाली शिरला आणि डोळ्यांत पांढरा ठिपका उमटला. हा ठिपका दिसेपर्यंत थर्माकोल मागेपुढे करत राहावे. शिवाय नंबर वाचायला मान वर उचलली गेल्यामुळे अर्धे काम आपसूक झाले होते. थर्माकोलचा आणखी एक फायदा झाला. भडक नारिंगी कापडाचा रंग हनुवटीवर परततो आणि कातडी रंगल्यासारखी दिसते. पांढऱ्या उजेडाने तो डाग बराच पुसला गेला.

काच पूर्ण वर असेल तर तिच्यात आकाश चमकत नाही. ती अर्धवट ठेवायची झाली तर थोडी तिरकी करावी, म्हणजे छायाचित्रकार स्वतः तिच्यात दिसणार नाही. काही जण चमक मारायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावतात. हेल्मेटची काच काचेची नसते, ती पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते. साचात घडताना तिच्यात राहिलेला ताण या फिल्टरमधून इंद्रधनुष्यासारख्या पट्ट्यांनी उघडा पडतो. आम्ही फिल्टर काढून ठेवला.

सर्वांत नामुष्कीची चूक चकाकणाऱ्या पट्टीची होती. गणवेशाच्या छातीवर आणि बॅगेवर करड्या रंगाची पट्टी असते. तिच्यात बारीक काचमणी किंवा लोलक असतात आणि उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेला ते परत पाठवतात. रात्री मोटारीचे दिवे चालकाच्या डोळ्यांजवळून निघतात, म्हणून त्याला ती पट्टी पेटल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश अगदी हेच करतो. पट्टी पांढरी जळते आणि शेजारची कंपनीच्या नावाची अक्षरे त्या पांढऱ्यात बुडतात. त्यातही फ्लॅश स्वयंचलित असेल तर पट्टीवरून परतलेल्या उजेडाने तो फसतो, उजेड पुरे झाला असे समजून लवकर थांबतो. पट्टी जळालेली आणि चेहरा काळवंडलेला, अशी दोन्ही लक्षणे एकाच चित्रात दिसली की कारण हेच, हे ओळखावे. आम्ही फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढला, पाच फूट डावीकडे पांढऱ्या छत्रीत लावला आणि त्याची ताकद हाताने ठरवली. पट्टी शांत करडी दिसू लागली. प्रत्येक फेरीनंतर पडद्यावर चित्र मोठे करून आधी पट्टी व मग डोळे पाहायचे, ही सवय त्या दिवसापासून लागली.

लेन्सबद्दल थोडक्यात. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटर, लहान सेन्सरवर ५० किंवा ५५, आणि अंतर बारा फुटांच्या आसपास. जवळ जाऊन रुंद लेन्सने घेतले तर गुडघा आणि हँडल राक्षसासारखे फुगतात. छिद्र एफ ५.६ ठेवले, म्हणजे चेहरा आणि छातीवरचे नाव दोन्ही स्पष्ट राहतात. कॅमेरा त्याच्या डोळ्यांपेक्षा थोडा खाली धरला.

बाकी तयारी आदल्या दिवशीची. कंपनीकडून गणवेशाचे नियम कागदावर मागून घ्यावेत आणि छायाचित्र घेताना पर्यवेक्षकाला शेजारी उभे करावे. टी-शर्ट एकदा धुऊन, सकाळी दोन तास अंगावर वापरून यायला सांगावे. पायात बूट असावेत. मोबाईल हातात नको, स्कूटरवरच्या धारकात असावा. गळ्यातले ओळखपत्र उलटे करावे आणि नंबरप्लेट येणार नाही असा कोन घ्यावा. ते चित्र उद्या टेम्पोवरही लागेल, त्या पोराचे नाव आणि गाडीचा नंबर गावभर कशाला फिरवायचा?

त्या तरुणाकडून आम्ही लेखी संमती घेतली. चित्र कोठे व किती काळ वापरले जाणार, हे त्याला वाचून दाखवले. फेऱ्या मारण्यात त्याचे दोन तास गेले होते. त्या वेळेत त्याची पार्सले दुसऱ्यांनी पोचवली असती आणि त्याची कमाई बुडाली असती. म्हणून त्या दोन तासांची मजुरी आम्ही कंपनीच्या बिलात वेगळी लावली आणि ती त्याच्या हातात दिली. आपल्या हक्काचेही पाहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालकी हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. स्टुडिओच्या दर्शनी काचेत तेच चित्र नमुना म्हणून लावायचे असेल, तर तशी एक ओळ कामाआधीच कंपनीकडून लिहून घ्यावी. आम्ही ती घेतली नव्हती, म्हणून ते चित्र आमच्या काचेत आजही नाही.