पट्ट्या तीन, औषध एक

सात रस्ता हा सोलापुरातला गजबजलेला चौक. समजा, यंत्रमागावर काम करणारे एक मामा तिथल्या औषधाच्या दुकानात आले. सर्दीतापाने ते बेजार झाले होते.

"सर्दीची गोळी द्या वो. नाक चोंदलंय. डोकं लई ठणकतंय."

दुकानदार जाणता होता. तो म्हणाला, "मामा, घरी दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू हाईत का?"

"व्हय की. डॉक्टरांनी तापाची दिलीय. दिवसातनं तीन डाव घेतो. आन् अंगदुखीची आमची नेहमीची. सकाळी एक, रात्री एक."

मामांनी खिशातून दोन्ही पट्ट्या काढल्या. दुकानदाराने सर्दीच्या गोळ्यांची पट्टी शेजारी ठेवली. मग तिन्ही पट्ट्या उलट्या केल्या.

पट्टीवर ठळक दिसते ते बहुधा कंपनीने ठेवलेले नाव. ते तिन्ही पट्ट्यांवर निराळे होते. गोळीत खरोखर काय आहे, ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते. दुकानदाराने एकेका पट्टीवर बोट ठेवून वाचले. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम. अंगदुखीच्या गोळीत दुसऱ्या एका औषधाबरोबर पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम.

"आता गं! सर्दीच्या गोळीत तापाचं औषध कशाला?" मामांनी विचारले.

प्रश्न बरोबर आहे. सर्दीच्या गोळीत बहुधा तीन औषधे एकत्र असतात. एक चोंदलेले नाक मोकळे करते. दुसरे शिंका थांबवते. त्याने झोप येते. तिसरे ताप आणि डोकेदुखीसाठी असते. ते म्हणजे पॅरासिटामॉल.

आता मामांचा दिवसाचा हिशेब मांडू. तापाची ६५० ची गोळी तीन वेळा, म्हणजे १९५०. सर्दीची ५०० ची गोळी तीन वेळा घेतली असती, तर १५००. अंगदुखीची ३२५ ची गोळी दोन वेळा, म्हणजे ६५०. एकूण ४१०० मिलिग्रॅम झाले.

निरोगी मोठ्या माणसाची चोवीस तासांची शेवटची हद्द ४००० आहे. अंगाने फार बारीक असलेल्या, रोज दारू पिणाऱ्या किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाची हद्द याहून कमी असते. ती डॉक्टरांनाच विचारावी. मुलांचा हिशेब वजनावर असतो, तो इथे लावू नये. शिवाय मोठ्या माणसाने एका वेळी १००० पेक्षा जास्त घेऊ नये. मामांनी सकाळी तिन्ही गोळ्या एकदम घेतल्या असत्या, तर १४७५ झाले असते. एकेक पट्टी पाहिली, तर कुठेच चूक दिसत नाही. चूक बेरजेत आहे.

पट्टीवरची अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. मग आपण काय करावे? काही पट्ट्यांवर हिंदीतही नाव असते: 'पैरासिटामोल'. ते तुम्हाला वाचता येईल. नसेल तर तापाच्या पट्टीवरचा इंग्रजी शब्द नीट पाहा. त्यात अकरा अक्षरे आहेत. तोच शब्द दुसऱ्या पट्टीवर अक्षराला अक्षर जुळवून शोधा. त्याच्या पुढचा आकडा म्हणजे मिलिग्रॅम. औषधाचे मूळ नाव मोठे छापावे, असा नियम २०१८ साली झाला. पण तीन किंवा जास्त औषधांच्या मिश्रणाला तो लागू नाही. म्हणून सर्दीच्या पट्टीवर डोळे ताणावे लागतात! सुट्या गोळ्या घेताना आणखी एक अडचण येते. पट्टी कापून देतात आणि लिखाण दुसऱ्या तुकड्यावर राहते. अशा वेळी नाव आणि आकडा दुकानदाराकडून कागदावर मराठीत लिहून घ्यावा.

दुकानदाराने मामांना सर्दीची गोळी दिली नाही. तो म्हणाला, "तापाची गोळी डॉक्टरांनी सांगितलीय, तशीच घ्या. नाकाला वाफारा घ्या. अंगदुखीच्या गोळीचं मात्र डॉक्टरांना दाखवून विचारा."

जास्त पॅरासिटामॉल पोटात गेले, तर यकृताला इजा होते. पण पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो. फार तर मळमळते, उलटी होते. पोटात उजवीकडे बरगडीखाली दुखणे, डोळे पिवळे होणे ही लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसतात. म्हणून गोळ्या जास्त झाल्याचे कळले, की दुखण्याची वाट पाहू नये. लगेच सिव्हिल हॉस्पिटलात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जावे. यावर उतारा देणारे औषध आहे. ते पहिल्या आठ तासांत मिळाले, तर सर्वांत चांगले काम करते. उशीर झाला असला, तरी जावेच. जाताना रिकाम्या पट्ट्या बरोबर घ्याव्यात. किती गोळ्या, किती वाजता घेतल्या, ते डॉक्टरांना सांगावे. ते रक्त तपासतील आणि उताऱ्याचे औषध द्यायचे का, ते ठरवतील.