छोटा शब्द कुणाचा?

बारावीत असताना मी ऑफिसात इंग्रजीत अर्ज दिला होता. हॉल तिकिटावर नाव चुकलं होतं, म्हणून शेवटी लिहिलं, 'प्लीज लुक आफ्टर माय कम्प्लेंट'. क्लार्क हसून म्हणाले, "म्हणजे तुझ्या तक्रारीला सांभाळू? जेवू-खाऊ घालू?" मला 'लुक इन्टू' हवं होतं.

'लुक' म्हणजे बघणे. 'आफ्टर' म्हणजे मागे. कुणाच्या मागे नजर ठेवणे, यातून सांभाळणे हा अर्थ आला. 'इन्टू' म्हणजे आत. तक्रारीच्या आत शिरून बघणे, म्हणजे चौकशी करणे. आपणही 'प्रकरणात लक्ष घाला' म्हणतो. त्यातल्या 'प्रकरणात' मधला 'त' जे करतो, तेच इथे 'इन्टू' करतो.

आता 'गिव्ह अप' घ्या. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर. पण सिगारेट सोडताना वर काय जातं? काहीच नाही. इथे 'अप' दिशा दाखवत नाही, काम पुरतं झालं हे दाखवतो. 'ईट' म्हणजे खाणे, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे. मराठीत हे काम दुसरं क्रियापद करतं. 'खाऊन टाकलं' म्हणताना आपण काही फेकत नाही, आणि 'सिगारेट सोडून दिली' म्हणताना ती कुणाला देत नाही. 'गिव्ह अप' मध्येही आधी हातातलं पूर्णपणे देऊन टाकणे हा अर्थ आहे. बसमध्ये आजींसाठी सीट सोडली, तर 'आय गेव्ह अप माय सीट'. सवय, आशा, प्रयत्न सोडणे हे त्याच्याच पुढचं.

म्हणजे 'इन्टू' पुढच्या नामाचा आणि 'अप' क्रियापदाचा. हे ओळखायला नामाच्या जागी 'इट' घालून बघा. 'गिव्ह इट अप' बरोबर, 'गिव्ह अप इट' चूक. उलट 'लुक इन्टू इट' बरोबर, 'लुक इट इन्टू' चूक. 'इन्टू' ला आपलं नाम सोडवत नाही, जसा 'प्रकरणात' मधला 'त' सुटा राहू शकत नाही. 'अप' मात्र क्रियापदापासून थोडा लांब जाऊ शकतो, म्हणून मध्ये 'इट' बसतो.

पण 'अप' दिसला की 'टाकणे' असं पाठ करू नका. 'लुक अप अ वर्ड' म्हणजे शब्दकोशात शब्द शोधणे, तिथे 'बघून टाकणे' चालणार नाही. तरी जागेचा नियम तिथेही तोच, 'लुक इट अप'. अर्थ वाक्यागणिक बघावा लागतो, पण छोटा शब्द कुणाचा हे 'इट' सांगतो.

अर्जातलं ते वाक्य मी तिथेच खोडून 'लुक इन्टू' केलं. नाव दुरुस्त होऊन आलं.