ऑपरेशनचं पॅकेज: कशाचे पैसे द्यायचे, कशाचे नाही?

दवाखान्याच्या बिलासाठी गटातून कर्ज मागणाऱ्या ताया आपल्या बैठकीत येतातच. कर्ज देण्याआधी गटाने एक प्रश्न विचारावा: हे ऑपरेशन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मंजूर झालं होतं का? झालं असेल, तर बिलातल्या बऱ्याच रकमा आपल्याला लागूच होत नाहीत.

योजनेत प्रत्येक ऑपरेशनचा एक ठरलेला दर असतो. त्याला पॅकेज म्हणतात. ही रक्कम योजनेतून थेट दवाखान्याला जाते. तिच्यात जनरल वॉर्डची खाट, डॉक्टर व भूल देणाऱ्यांची फी, ऑपरेशन थिएटर, रक्त, ऑक्सिजन, तपासण्या, औषधं, शरीरात बसवायचे रॉड-प्लेट आणि रुग्णाचं जेवण धरलेलं असतं. सुट्टीनंतर किमान 10 दिवसांचा पाठपुरावाही त्यातच येतो. ऑपरेशननंतर दवाखान्यातच काही गुंतागुंत झाली, तरी तिचा खर्च वेगळा घेता येत नाही.

समजा, सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. योजनेत मंजुरी मिळाली, रॉड टाकला. सुट्टीच्या दिवशी कागद हातात आला: रॉड 12,000, रक्त 1,500, बाहेरून आणलेली औषधं 3,400, स्वतंत्र खोली 4,000. एकूण 20,900 रुपये. यातले रॉड, रक्त, औषधं मिळून 16,900 रुपये पॅकेजमध्येच आहेत. दवाखान्याला खर्च जास्त आला, तरी ती तूट रुग्णाच्या नावावर "बाकी" म्हणून लिहिता येत नाही. राहिले खोलीचे 4,000. खोली आपणच मागितली असेल, तर ते आपल्याला द्यावे लागतील. सोबतच्या माणसांचं जेवण आणि यादीत नसलेला उपचारही आपल्याच खर्चात.

घोळ बहुतेक सुरुवातीलाच होतो. घाईत पैसे भरून रुग्णाला भरती करतात आणि योजनेचं नंतर बघू म्हणतात. पण योजना रोख भरलेले पैसे घरच्यांना परत देत नाही. म्हणून दवाखाना योजनेत आहे का, हे आधी विचारा. रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, नोंदणी करा. "पूर्वमंजुरी आली का?" हे ऑपरेशनच्या आधीच विचारा. तातडीची वेळ असेल तर रुग्णाला भरती करा, पण आरोग्यमित्राला लगेच कळवा.

कोणी जास्तीचे पैसे मागितले, तर भांडू नका. "कशाचे, ते लिहून द्या आणि पक्की पावती द्या," एवढंच म्हणा. बाहेरून औषध आणायला लावलं, तर चिठ्ठी व मेडिकलचं बिल दोन्ही जपून ठेवा. मग आरोग्यमित्राला दाखवा, नाहीतर 155388 किंवा 1800 233 2200 या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवा. चिठ्ठी-पावती नसेल, तर पैसे घेतल्याचं सिद्ध करणं कठीण जातं.

बैठकीत करायचं काम: कर्जाच्या अर्जाला दवाखान्याचं बिल जोडून घ्या. प्रत्येक ओळीसमोर "पॅकेजमधलं" की "आपलं" असं लिहा. कर्ज फक्त "आपलं" लिहिलेल्या रकमेपुरतं द्या.