बरणीचं झाकण बसलं, पण आतलं टिकलं का?

खाण्यापिण्याच्या प्रकरणासाठी मजकूर मागवला तेव्हा वाणसामानाबद्दल जेमतेम दोन ओळी आल्या आणि बरण्यांबद्दल पानंच्या पानं. आलं ते थोडं काटछाट करून देत आहोत. मतं ज्याची त्याची. जिथे आमचं पटलं नाही, तिथे तसं लिहिलं आहे.

डेन्व्हरहून, एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका

इथल्या मेसन जारचे तीन भाग असतात: बरणी, चपटं झाकण आणि ते धरून ठेवणारं आट्याचं कडं. बरणी आणि कडं वर्षानुवर्षं चालतं. झाकणाच्या आतल्या कडेला रबरासारखा लेप असतो, तो एकदाच नीट बसतो, म्हणून प्रत्येक वेळी झाकण नवं घ्या.

मी उदाहरण घेते ते कैरी, साखर, व्हिनेगर, आलं, मिरची घालून शिजवलेल्या गोड चटणीचं. कृती इथल्या एखाद्या कृषी विद्यापीठाच्या विस्तार विभागाने तपासलेली घ्या आणि त्यातलं व्हिनेगर कमी करू नका. चटणी उकळती असतानाच बरणीत भरा, वर अर्धा इंच जागा मोकळी ठेवा आणि काठ ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा. कडं बोटांच्या जोराने लागेल तेवढंच आवळा, कारण आतली हवा बाहेर पडायला वाट हवी. मग बरण्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवा. झाकणावर निदान इंचभर पाणी हवं. समुद्रसपाटीला पाइंटच्या बरणीला 10 मिनिटं पुरतात. डेन्व्हर 5,280 फुटांवर आहे, पाणी इथे साधारण 95 अंशांनाच उकळतं, म्हणून मी 15 मिनिटं ठेवते. आच बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा, मग काढा. लगेच काढलं तर रस उसळून झाकणाखाली येतो आणि सील बिघडतं.

गरम चटणी भरून बरणी नुसती उपडी ठेवायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. त्याने झाकण आत ओढलं जातं, पण पकड कच्ची असते आणि वरच्या हवेतली बुरशी मरत नाही. मी ती सोडा असंच सांगेन.

बरण्या 12 ते 24 तास हलवू नका. थंड होताना ‘टक्’ असा आवाज येतो, पण त्याच्यावर निकाल देऊ नका. आधी कडं काढा. झाकणाच्या मधोमध बोटाने दाबा: ते खाली-वर होता कामा नये. बरणी डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहा, झाकण मध्ये किंचित खोलगट दिसलं पाहिजे. चमच्याने टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. बद्द आवाज आला तर एक तर सील नाही, किंवा चटणी झाकणाला टेकली आहे, तेव्हा बाकीच्या खुणा बघा. शेवटी टेबलावर टॉवेल घालून, नुसतं झाकण बोटांच्या टोकांनी धरून बरणी जराशी उचला. धरलं तर बसलं.

समजा सहा बरण्यांपैकी एकीचं झाकण दाबल्यावर टिकटिकतंय. उघडून पाहिलं तर बहुधा काठावर कैरीचा धागा नाहीतर काचेचा टवका सापडतो. 24 तासांच्या आत ती चटणी पुन्हा उकळून, धडक्या बरणीत नव्या झाकणाने पूर्ण वेळ प्रक्रिया करता येते. एका बरणीसाठी एवढा खटाटोप कशाला? फ्रीजमध्ये ठेवा आणि आधी संपवा.

बसलेल्या बरण्या धुऊन, पुसून कडं न लावताच फडताळात ठेवा. कड्याने सुटलेलं झाकणही जागच्या जागी राहतं आणि आपण फसतो. वर्षाच्या आत संपवा. काढताना झाकण फुगलेलं किंवा सैल असेल, बाहेरून काठापासून रस ओघळून वाळला असेल, न उघडता आत बुडबुडे वर चढत असतील किंवा उघडताना फसकन उसळलं, तर चव न घेता टाकून द्या. काचेला चिकटून स्थिर असलेले बुडबुडे भरतानाचे असतात, त्यांची भीती नको. वरचा थर काळपट होणं हे बहुधा मोकळ्या जागेतल्या हवेचं काम. सील पक्कं असेल तर तेवढ्यावरून टाकू नका.

आता महत्त्वाचं. सील टिकलं याचा अर्थ आतलं चांगलं असा नाही. बॉट्युलिझमचा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो आणि त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याने मरत नाहीत. त्याला रोखतो तो आंबटपणा, म्हणजे पीएच 4.6 किंवा त्याहून कमी. कैरी आणि व्हिनेगरची चटणी त्यात बसते. पिकलेल्या आंब्याचा भरवसा नाही. तेव्हा आमरस बरणीत भरून, झाकण छान बसलं म्हणून कपाटात ठेवू नका. त्या जंतूचं विष दिसेल, वास येईल असं नाही. आमरस फ्रीजरमध्येच ठेवा. दुकानातल्या हापूसच्या डब्याचं सील कारखान्यातलं असतं, पण उघडल्यावर उरलेला रस तोही फ्रीजरमध्ये.

पूर्व किनाऱ्यावरून, मंडळाचे एक माजी खजिनदार

दिवाळी मेळाव्यात आमच्या सौ.ची चटणी विकायची ठरली आणि मी आरोग्य खात्याच्या पायऱ्या झिजवू लागलो. जॅम चालेल, चटणी नाही! का, तर ती आम्ल घातलेल्या पदार्थांत येते. प्रयोगशाळेचा दाखला आणा. दाखला आणला तर अर्जावर ‘पिकल’ लिहिलं आहे म्हणून परत. खिडकीतल्या बाईंना कैरी म्हणजे काय हे सांगताना माझा घसा कोरडा. मेळावा होऊन गेल्यावर परवानगी आली.

शिकलो ते इतकंच: नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तेव्हा आंबे आणायच्या आधी विचारा. घरी पीएच मोजायचा तर कागदी पट्ट्या घेऊ नका, हळदीने त्या पिवळ्या होतात आणि रंग कळत नाही. मीटर घ्या. फोडी आणि पाक एकत्र वाटून मोजा, कारण नुसता पाक आंबट लागतो आणि फोडीच्या आत वेगळंच असतं. बाकी त्या खात्याबद्दल न बोललेलं बरं.

टोरांटोहून, एक आजी

आमच्या वेळी असल्या टिचक्या नव्हत्या. चिनीमातीची बरणी, वर दादरा, आणि सोवळ्यातला हात. हल्लीच्या मुलींना लोणचं दुकानात मिळतं हेच ठाऊक. नातवंडांना फोडी पुसायला बसवा, मराठी आपोआप येईल.

तेलाच्या लोणच्याला सील लागत नाही आणि ते बरणीत उकळूही नये. फोडी तेलात बुडलेल्या हव्यात. इथलं ऊन भरवशाचं नाही, म्हणून बरणी धुतली की मंद ओव्हनमध्ये कोरडी करते. लसणीचं असेल तर फ्रीजमध्येच. साखरांब्यावर पांढरं दिसलं तर घाबरू नये, वरचं काढून खावं.

(संपादक: इथे आम्ही आजींशी असहमत. पांढरे खडे कडक असतील आणि गरम पाण्यात विरघळले तर ती साखर, खुशाल खा. लव असलेला पांढरा किंवा हिरवट डाग म्हणजे बुरशी. तिचे धागे खाली उतरलेले असतात, म्हणून अख्खी बरणी टाका.)

भाजीची किंवा नारळाची ओली चटणी बरणीत टिकवण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. त्याला प्रेशर कॅनर आणि तपासलेली कृती लागते, नुसत्या उकळत्या पाण्याने भागत नाही. प्रेशर कॅनर नियमित वापरणाऱ्या कोणी पुढच्या आवृत्तीसाठी लिहावं, ही विनंती.