मातीच्या धरणातील गाळणी थर : कणांच्या आकाराचे गणित

मातीच्या धरणातून पाणी झिरपतेच. गाभ्याची माती कितीही चिकण असली आणि दबाई कितीही चांगली झाली, तरी जलाशयाचे पाणी वाट काढत धरणाच्या खालच्या अंगाला पोहोचते. हे पाणी स्वच्छ असेल तोपर्यंत चिंतेचे कारण नसते. ते गढूळ येऊ लागले, तर धरणाची माती कणाकणाने बाहेर पडत आहे असे समजावे लागते. वाहून गेलेल्या कणांच्या जागी नळीसारखी पोकळी तयार होते, ती खालच्या टोकाकडून जलाशयाच्या दिशेने वाढत जाते आणि अखेरीस धरणच फुटू शकते. अभियंते या प्रकाराला 'पायपिंग' म्हणतात.

ही क्रिया थांबवण्यासाठी गाभ्याच्या खालच्या बाजूला वाळूचा, आणि त्यापुढे बारीक खडीचा, थर घातला जातो. या थराने दोन परस्परविरोधी कामे करावयाची असतात. मातीचे कण अडावेत म्हणून त्यातील पोकळ्या लहान हव्यात. आलेले पाणी न तुंबता निघून जावे म्हणून त्या मोठ्या हव्यात. गाळणीच्या रचनेचे सर्व नियम या दोन मागण्यांमधील तडजोडीतून आले आहेत.

तेरझागी यांचा नियम

मृदा यांत्रिकीचे प्रवर्तक कार्ल तेरझागी यांनी १९२० च्या दशकात हा प्रश्न दोन गुणोत्तरांत बसवला. १९४० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बर्ट्राम यांनी केलेल्या प्रयोगांनी त्याला आधार मिळाला. नियमातील चिन्हे प्रथम समजून घेतली पाहिजेत. चाळणी विश्लेषणात ज्या आकारापेक्षा बारीक कण वजनाने १५ टक्के असतात, तो आकार म्हणजे D15. ज्यापेक्षा बारीक कण ८५ टक्के असतात, तो D85. येथे गाळणीसाठी मोठे अक्षर आणि अडवावयाच्या मातीसाठी लहान अक्षर वापरले आहे.

```
माती अडवण्यासाठी : D15 ≤ 4 ते 5 × d85
निचऱ्यासाठी    : D15 ≥ 4 ते 5 × d15
```

गाळणीचा D15 हाच आकार का निवडला, हा प्रश्न परीक्षेत क्वचितच विचारला जातो. पण नियमाचे मर्म तेथेच आहे. वाळूच्या थरातील पोकळ्या किती मोठ्या असतील हे त्यातील जाड कण ठरवत नाहीत. जाड कणांमधील जागा बारीक कण भरून काढतात, त्यामुळे पोकळीचा आकार बारीक कणांवर अवलंबून राहतो. समान व्यासाचे तीन गोल एकमेकांना चिकटून ठेवले, तर त्यांच्या मधून जाऊ शकणाऱ्या गोलाचा व्यास मूळ व्यासाच्या सुमारे साडेसहाव्या हिश्शाइतका असतो. म्हणजे D15 हा d85 च्या चौपट असेल, तर पोकळीचे तोंड d85 च्या सुमारे सहा दशांश भरते. अर्थात मातीतील सर्वांत जाड १५ टक्के कण तेथे अडकतात.

उरलेले ८५ टक्के कण वाहून जात नाहीत, कारण अडकलेले जाड कण आपल्यामागील मध्यम कणांना अडवतात आणि मध्यम कण बारीक कणांना. मातीच अशा रीतीने स्वतःची गाळणी बनते. तेरझागी यांचा नियम पूर्णपणे या साखळीवर विसंबून आहे. साखळीतील मधली कडी नसेल, तर नियम पाळूनही माती निसटते.

साखळी तुटते तेव्हा

उत्तर इंग्लंडमधील डरहॅम परगण्यातील बाल्डरहेड धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ४८ मीटर उंचीच्या या धरणाचा गाभा हिमनदीने आणून टाकलेल्या मातीचा होता. अशा मातीत चिकणमातीपासून गोट्यांपर्यंत सर्व आकारांचे कण असतात. जलाशय भरल्यानंतर निचऱ्याचे पाणी वाढले, अधूनमधून गढूळ येऊ लागले आणि १९६७ मध्ये धरणाच्या माथ्यावर खड्डा पडला. जलाशयाची पातळी उतरवण्यात आली. गाभ्यात भराव अंतःक्षेपण करून व पडदी भिंत घालून दुरुस्ती झाली. धरण वाचले. तपासात दिसले ते असे की, गाभ्यात पडलेल्या भेगांतून पाणी मंद वेगाने वाहत होते. त्या प्रवाहाने जाड कण भेगेतच मागे ठेवले आणि फक्त बारीक कण गाळणीपर्यंत नेले. जाड कण पुढे आलेच नाहीत, तर बारीक कणांना अडवणार कोण?

अशा मातीसाठी नियम कसा चुकतो, हे एका उदाहरणातून स्पष्ट होते. गाभ्यासाठी निवडलेल्या मातीचा १०० किलोचा कोरडा नमुना घेतला. त्यातील ४० किलो खडे ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिले, ६० किलो माती खाली आली. या ६० किलोंपैकी ३० किलो माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतूनही गेली. संपूर्ण नमुन्याचा d85 हा २० मिलिमीटर आणि d15 हा ०.०१ मिलिमीटर निघाला.

पाठ्यपुस्तकातील नियम जसाच्या तसा लावला, तर D15 ची कमाल मर्यादा ४ × २० म्हणजे ८० मिलिमीटर येते. हा तर दगडांचा ढीग झाला. त्यातून चिकणमाती सहज निघून जाईल. आकडेमोड बिनचूक आहे, चूक आहे ती d85 कोणत्या वक्रावरून काढला यात. २० मिलिमीटरचे खडे मातीत विखुरलेले आहेत, बारीक मातीला अडवण्यात त्यांचा काहीही वाटा नाही.

सुधारित नियम

जेम्स शेरार्ड, लॉर्न डनिगन आणि टॅलबट यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत याविषयी प्रयोगमाला केली. मातीच्या नमुन्याला आरपार १ मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून दाबाने पाणी सोडायचे आणि कोणत्या गाळणीपुढे छिद्र रुंद न होता बंद होते हे पाहावयाचे, असे या चाचणीचे स्वरूप होते. भेग पडणारच असे गृहीत धरून केलेली ही परीक्षा असल्याने तिचे निष्कर्ष अधिक विश्वासार्ह ठरले.

या पद्धतीत मातीत ४.७५ मिलिमीटरपेक्षा मोठे खडे असतील, तर ते वगळून उरलेल्या मातीचे प्रमाण पुन्हा १०० टक्के धरतात. त्यानंतर ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण किती टक्के आहेत यावरून गट ठरतो.

```
८५ टक्क्यांहून अधिक : D15 ≤ 9 × d85 (मात्र ०.२ मिमीपेक्षा लहान मर्यादा नको)
४० ते ८५ टक्के      : D15 ≤ ०.७ मिमी
१५ टक्क्यांहून कमी  : D15 ≤ 4 × d85
```

१५ ते ४० टक्क्यांमधील मातीसाठी खालच्या दोन मर्यादांमधील किंमत प्रमाणाने काढतात. तेरझागी यांचा नियम आजही शिल्लक आहे, पण तो मुख्यतः वाळूसारख्या मातीसाठी. याखेरीज काही पुस्तकांत D50 व d50 यांचे गुणोत्तर २५ पेक्षा कमी असावे अशीही अट आढळते. परीक्षार्थींनी ती लक्षात ठेवण्यास हरकत नाही. मात्र या प्रयोगांत तिला भक्कम आधार मिळाला नाही.

आता वरील माती पुन्हा पाहू. खडे वगळल्यावर ६० किलोंपैकी ३० किलो, म्हणजे ५० टक्के कण ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक आहेत. माती दुसऱ्या गटात गेली आणि मर्यादा ०.७ मिलिमीटर झाली. आधीच्या ८० मिलिमीटरच्या तुलनेत शंभर पटींहूनही बारीक. निचऱ्याच्या नियमानुसार किमान D15 हा ४ × ०.०१ म्हणजे ०.०४ मिलिमीटर येतो. तथापि इतकी बारीक वाळू पाणी नीट जाऊ देत नाही, म्हणून किमान ०.१ मिलिमीटर धरण्याचा प्रघात आहे. काँक्रीटसाठी वापरल्या जाणाऱ्या मध्यम जाडीच्या नदीतील वाळूचा D15 साधारण ०.३ मिलिमीटर असतो. ती दोन्ही मर्यादांमध्ये बसते.

वाळू जमली तरी काम संपत नाही. वाळूतून आलेले पाणी वाहून नेण्यासाठी खडीचा थर हवा आणि तेव्हा वाळू हीच 'अडवावयाची माती' ठरते. या वाळूचा d85 समजा २ मिलिमीटर आहे. तिच्यात बारीक माती जवळजवळ नसल्याने चौपटीचा नियम लागतो. खडीचा D15 कमाल ८ आणि किमान ४ × ०.३ म्हणजे १.२ मिलिमीटर. ४.७५ ते २० मिलिमीटर आकाराच्या, D15 सुमारे ६ मिलिमीटर असलेल्या खडीने हे भागते. हीच खडी गाभ्याच्या मातीला थेट लावली, तर ०.७ च्या मर्यादेपेक्षा ती आठपटींहून जाड ठरते. वाळूचा थर गाळून पैसे वाचवण्याचा मोह येथेच अंगाशी येतो. उलट ४० मिलिमीटरची जाड खडी वाळूपुढे टाकल्यास वाळूच खडीत शिरते.

कागदावर बरोबर, जागेवर चूक

वक्र बरोबर बसला तरी वाळूत धूळ किती आहे हे वेगळे पाहावे लागते. गाळणीच्या वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण ५ टक्क्यांहून अधिक नसावेत आणि जे असतील ते चिकट नसावेत. नदीतील वाळू दुर्मिळ झाल्यामुळे दगड दळून केलेली वाळू सर्रास वापरली जाते. आयएस ३८३ या मानकानुसार काँक्रीटसाठी अशा वाळूत १५ टक्क्यांपर्यंत बारीक कण चालतात. काँक्रीटसाठी उत्तीर्ण झालेली वाळू म्हणूनच न धुता गाळणीत वापरता येत नाही.

धूळ जास्त असल्यास निचरा मंदावतो, हा झाला एक तोटा. दुसरा अधिक गंभीर आहे. धुळीमुळे वाळूला चिकटपणा येतो आणि गाभ्यातील भेग गाळणीतही तशीच पुढे जाऊन उघडी राहते. चांगली गाळणी भेग पडताच ढासळून ती बुजवणारी असावी लागते. व्हॉन आणि सोआरेस यांनी १९८२ मध्ये यासाठी सुचवलेली परीक्षा कोणत्याही शिबिर प्रयोगशाळेत होऊ शकते. ओली वाळू लहान भांड्यात दाबून भरावी, भांडे उपडे करून वाळूचा गड तश्तरीत उभा करावा आणि तश्तरीत हळूहळू पाणी ओतावे. पाणी चढताच गड कोसळला तर वाळू योग्य. पाण्यातही तो उभा राहिला तर ती वाळू गाळणीच्या कामाची नाही.

दुसरी अडचण ट्रकमधून माल ओतताना येते. ढिगाच्या उतारावरून जाड कण घरंगळून तळाशी जमतात आणि थराच्या त्या भागात D15 कितीतरी वाढतो. प्रयोगशाळेतील नमुना ढिगाच्या मध्यातून घेतलेला असल्यास हा दोष अहवालात दिसतच नाही. म्हणून बारीक गाळणीत, म्हणजे जिचा D10 अर्धा मिलिमीटरपेक्षा लहान आहे तिच्यात, D90 हा २० मिलिमीटरच्या आत ठेवतात. नमुनाही ढिगातून न घेता पसरून दाबलेल्या थरातून, विशेषतः त्याच्या कडेच्या भागातून, घ्यावा लागतो.

सोडियमयुक्त, पाण्यात आपोआप विरघळल्यासारखी पसरणारी चिकणमाती असल्यास दुसऱ्या गटाची ०.७ मिलिमीटरची मर्यादाही सैल पडते, तेथे ०.५ मिलिमीटर धरतात. गाभ्यासाठी खाणीतून माती निवडतानाच ही चाचणी करावी लागते, कारण चाळणी विश्लेषणाच्या वक्रावर हा गुणधर्म उमटत नाही.